खुंटाशी बसलेला शेतकरी

चिनी भाषेत ‘चेंग्यू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाक्प्रचारांचा फार मोठा संग्रह आहे. चेंग्यू म्हणजे घडून सिद्ध झालेले बोल. यांतील बहुसंख्य वाक्प्रचार नेमक्या चार चिन्हांचे असतात. चिनी लिपीत एक चिन्ह म्हणजे एक उच्चार आणि बहुधा एक अर्थ. तेव्हा चार उच्चारांत सारे बोलणे आटोपते. त्यांची भाषा आजच्या व्यवहारातील नसून प्राचीन ग्रंथांतील आहे. त्यामुळे कित्येकदा चारही शब्दांचा अर्थ लागला, तरी त्यामागील गोष्ट ठाऊक नसेल तर बोलणाऱ्याचा आशय हाती लागत नाही. आपल्याकडील ‘काकतालीय न्याय’ या शब्दांची अवस्था अशीच आहे. कावळा ताडावर बसावयास आणि फळ गळावयास एकच गाठ पडली, ही हकीकत ज्याला माहीत नाही, त्याला त्या न्यायाचा बोध कसा व्हावा?

‘शौ जू दाइ तू’ हा असाच एक सुप्रसिद्ध चेंग्यू आहे. राखणे, खुंट, वाट पाहणे आणि ससा, असे त्यातील चार शब्दांचे अनुक्रमे अर्थ. म्हणजे ‘खुंट राखीत सशाची वाट पाहणे’. याची कथा हान फेई या विचारवंताच्या ग्रंथातील ‘पाच किडी’ या प्रकरणात येते. सुंग राज्यात एक शेतकरी होता. त्याच्या शेतात एका तोडलेल्या झाडाचा खुंट उभा होता. एके दिवशी भरधाव पळत आलेला ससा त्या खुंटावर आदळला आणि मान मोडून मेला. शेतकऱ्याला श्रमावाचून शिकार मिळाली. त्याने जमीन उकरण्याचे आपले लाकडी अवजार खाली ठेवले आणि दुसरा ससा मिळेल या आशेने तो खुंटाची राखण करीत बसला. ससा काही पुन्हा आला नाही. शेतकरी मात्र साऱ्या सुंग राज्याच्या थट्टेचा विषय झाला.

आज हा वाक्प्रचार कष्ट टाळून आयत्या लाभाची आशा धरणाऱ्याला उद्देशून वापरतात. दुकानात बसून गिऱ्हाइकाची नुसती वाट पाहणारा व्यापारी या टीकेस पात्र ठरतो. क्वचित त्यातील निंदा गळूनही पडते. गुन्हेगार यावयाच्या जागी दबा धरून बसलेल्या पोलिसांचे वर्णनही चिनी वृत्तपत्रे याच चार शब्दांत करतात.

हान फेईचा रोख मात्र आळशावर नव्हता. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात चीनमधील राज्ये एकमेकांशी झुंजत होती आणि प्राचीन पुण्यश्लोक राजांप्रमाणे दयेने राज्य करावे, असे अनेक पंडित राजांना सांगत होते. त्यांना उत्तर म्हणून ही गोष्ट आली. हान फेईने त्यासाठी एक साधा हिशेब मांडला. एखाद्याला 5 मुलगे असले तर ते कोणाला फार वाटत नाहीत. त्या प्रत्येकाला पुन्हा 5 झाले, तर आजोबा हयात असतानाच घरात 25 नातू होतात. पूर्वी माणसे थोडी व वस्तू मुबलक होत्या, म्हणून लोक भांडत नसत. आता माणसे वाढली, वस्तू अपुऱ्या पडल्या, राबूनही पोट भरेना, म्हणून तंटे होतात. अशा वेळी जुन्या राजांच्या पद्धतीने आजच्या प्रजेवर राज्य करू पाहणारे सारे खुंट राखणाऱ्याच्याच जातीचे, असे त्याने म्हटले.

शेतकरी सुंग राज्याचाच असावा, यातही मर्म आहे. तेथील राजे लयास गेलेल्या शांग घराण्याचे वंशज म्हणून ओळखले जात, आणि तत्कालीन अनेक ग्रंथांतील मूर्खांच्या गोष्टी सुंगच्या माणसावरच रचलेल्या आढळतात. ते राज्यही इ. स. पूर्व 286 मध्ये नष्ट झाले होते.

मूळ वाक्यात ‘खुंट राखणे’ एवढेच शब्द आहेत. चार चिन्हांचा साचा पुढे रूढ झाला. त्या साच्यात ससा आला, शेतकऱ्याची आशा आली; पण राजे आणि पंडित बाहेर राहिले, आणि राज्यनीतीवरील टीकेचे आळसाविरुद्धच्या उपदेशात रूपांतर झाले. या रूपांतरात मूळ युक्तिवादाचा एक महत्त्वाचा भाग दृष्टीआड होतो. पहिला ससा खरोखरच मिळाला होता, तसे प्राचीन राजांचे यशही हान फेईने नाकारलेले नाही. ज्या परिस्थितीने ते यश दिले ती सरली असता केवळ जागा धरून बसणे, हा त्याच्या मते दोष होता. शेतकऱ्याने ससा उचलला यात काही चुकले नाही. अवजार खाली ठेवले, तेथे चुकले.