शेरा कुठल्या पानावरचा?

इंग्लंडमध्ये ए-लेव्हलच्या धर्म-अभ्यासात माहिती आणि आकलनाला 40 टक्के, तर विश्लेषण-मूल्यमापनाला 60 टक्के गुण असतात. म्हणून शिक्षकांनी शेऱ्यांची वहीही कौशल्यांनुसार लावलेली बरी. समजा, निबंधात लिहिलंय, ‘दुःखातून आत्मा घडतो, असं जॉन हिक म्हणतात; पण काहींना ते पटत नाही.’ माहिती बरोबर आहे, त्यामुळे ‘अजून वाच’ हा नेहमीचा शेरा वायाच जातो. दुखणं मूल्यमापनाचं आहे. तिथला शेरा असा: ‘न पटण्याचं कारण दे. तान्हं मूल दगावलं, तर त्याचा आत्मा कधी घडला? हिक इथे मृत्यूनंतरच्या जीवनाचा आधार घेतात. तो पुरतो का, हे तू ठरव.’ हेच मत ऑगस्टीनच्या नावावर लिहिलं असेल, तर मात्र शेरा माहितीच्या पानावरचा.