जिझिया: बऱ्हाणपूरचा हिशोब

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विषय मागितला होता, जिझिया. तुमच्यातल्या अनेकांनी ‘छावा’ पाहिलाय, त्यामुळे बऱ्हाणपूर हे नाव तुम्हाला माहीत आहे. सिनेमा सुरूच होतो तिथल्या लुटीनं. आज आपण त्याच शहरात थांबणार आहोत, पण लढाईसाठी नाही, हिशोबासाठी. कारण जिझियावर वाद घालणारे लोक त्याची रक्कम, स्लॅब, वसुली याबद्दल सहसा बोलतच नाहीत. एक गट म्हणतो, हा निव्वळ धार्मिक छळ. दुसरा म्हणतो, अरे साधा कर होता, मुसलमानांनाही जकात भरावी लागायचीच की. चला, आकडे मांडून बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी. इस्लामी कायद्यात मुस्लिम राज्यात राहणाऱ्या बिगरमुस्लिम प्रजेला ‘झिम्मी’ म्हणतात, म्हणजे संरक्षण दिलेले लोक. त्यांनी जिझिया द्यायचा, बदल्यात राज्यानं त्यांच्या जिवाचं आणि मालमत्तेचं रक्षण करायचं आणि त्यांना त्यांचा धर्म पाळू द्यायचा. भारतात दिल्लीच्या सुलतानांनी तो कमी-जास्त नेमानं घेतला. अकबरानं 1564 मध्ये तो बंद केला. त्यानंतर जवळपास 115 वर्षं मुघल राज्य जिझियाशिवाय चाललं, जहांगीर आणि शाहजहान दोघांच्या काळातही. हे लक्षात ठेवा. औरंगजेबानं एप्रिल 1679 मध्ये जिझिया परत लावला, तेव्हा तो स्वतः गादीवर येऊन 20 वर्षं उलटून गेली होती. लोकांना या कराची सवयच नव्हती.

आता दर. औरंगजेबाच्याच काळात विद्वानांकडून तयार करून घेतलेल्या ‘फतावा-ए-आलमगिरी’मध्ये तीन स्लॅब आहेत. ज्याची मालमत्ता 200 दिरहमपेक्षा कमी, पण जो कमावता आहे, तो गरीब. त्यानं वर्षाला 12 दिरहम द्यायचे. 200 ते 10,000 दिरहमवाला मध्यम, त्यानं 24. आणि 10,000 च्या वरचा श्रीमंत, त्यानं 48. रुपयांत सांगायचं तर साधारण सव्वातीन, साडेसहा आणि तेरा रुपये. त्या काळी शहरातल्या बिगारी मजुराला महिन्याला दोन-तीन रुपये मिळायचे. म्हणजे सगळ्यात खालच्या माणसाची महिनाभराची मजुरी, किंवा त्याहून थोडी जास्त, यात जाणार.

आपल्या इन्कम टॅक्सच्या स्लॅबमध्ये टक्केवारी असते. इथे ठरावीक रक्कम आहे आणि सगळी गोम तिथेच आहे. ज्याच्याकडे 100 दिरहम आहेत, तो 12 देतो. म्हणजे मालमत्तेच्या 12 टक्के. ज्याच्याकडे 10,000 आहेत, तो 24 किंवा फार तर 48 देतो, म्हणजे अर्धा टक्काही नाही. आणि लाखभर दिरहमचा सावकारसुद्धा तेच 48 देतो. त्याला ते जाणवणारही नाही.

आता जकातीशी तुलना करा. (मराठीत जकात म्हटलं की आपल्याला नाका आणि ट्रकची रांग आठवते. शब्द तोच आहे, पण इथे अर्थ वेगळा. मुसलमानानं आपल्या संपत्तीतून द्यायचं धार्मिक देणं.) जकात वर्षभर साठलेल्या संपत्तीवर अडीच टक्के असते आणि चांदीच्या हिशोबात ती सुरू कुठून होते? 200 दिरहमपासून. म्हणजे 100 दिरहमवाल्या मुसलमान विणकराला जकात शून्य, आणि त्याच गल्लीतल्या 100 दिरहमवाल्या हिंदू विणकराला जिझिया 12 दिरहम. उलट लाख दिरहमच्या मुसलमान व्यापाऱ्यानं नियमानं अडीच हजार द्यायचे, हिंदू व्यापाऱ्यानं 48. तेव्हा ‘दोघांनाही कर होता, बरोबरी झाली’ हे म्हणणं चालत नाही. श्रीमंतांच्या बाबतीत गणित उलटं फिरतं आणि गरिबांच्या बाबतीत ते सरळ अन्यायाचं आहे.

अर्थात श्रीमंत हिंदू व्यापारी सुटला असंही समजू नका. औरंगजेबानं 1665 मध्ये मालावरचं शुल्क मुसलमानांना अडीच टक्के आणि हिंदूंना पाच टक्के केलं होतं, आणि 1667 मध्ये मुसलमान व्यापाऱ्यांचं माफच केलं. त्याच्याकडून वसुली दुसऱ्या खिडकीवर व्हायची.

सूट कोणाला होती? बायका, मुलं, अंध, अपंग, वेडे, भिकारी, ज्यांना कामच नाही असे लोक. हे कायद्यात स्पष्ट आहे. आणि अजून एक गट, ज्याबद्दल आपल्याकडे कमी बोललं जातं: बादशाही नोकरीत असलेले हिंदू. म्हणजे मुघलांच्या बाजूनं लढणारे राजपूत आणि मराठा सरदार, दफ्तरातले हिंदू मुत्सद्दी यांना जिझिया नव्हता. सत्तेच्या जवळ असलेला हिंदू सुटला. भरणार कोण? कारागीर, दुकानदार, हमाल, शेतकरी. खेड्यात माणसं मोजत बसणं अवघड, म्हणून तिथं साऱ्याच्या रकमेवर साधारण चार टक्के वाढवून एकरकमी वसूल करायचे. शहरात मात्र माणूस गाठूनच.

आणि गाठायचं कसं, त्याचेही नियम होते. भरणाऱ्यानं स्वतः यायचं, पायी यायचं, दुसऱ्याच्या हाती पैसे पाठवायचे नाहीत. घेणारा बसलेला आणि देणारा उभा. पैशाची पावती जेवढी महत्त्वाची, तेवढीच ही उभं राहण्याची जागा महत्त्वाची होती. फक्त तिजोरी भरायची असती, तर खेड्यासारखी एकरकमी पद्धत शहरातही चालली असती.

दिल्लीत काय झालं ते खाफीखान या त्या काळाच्या इतिहासकारानं लिहून ठेवलंय. हुकूम निघाल्यावर लोक किल्ल्याच्या झरोक्याखाली जमले आणि कर मागे घ्या म्हणाले. बादशहानं लक्ष दिलं नाही. मग एका शुक्रवारी तो जामा मशिदीकडे निघाला, तर सराफ, कापडवाले, दुकानदार, कारागीर अशी प्रचंड गर्दी रस्त्यात. हटवूनही हटेना. शेवटी हत्ती पुढे घालायचा हुकूम झाला, माणसं तुडवली गेली. आणखी काही दिवस लोक जमत राहिले, मग कर भरू लागले. यादी बघा: सराफ, कापडवाले, कारागीर. मघाच्या हिशोबात हेच लोक होते.

आता बऱ्हाणपूर. तापीकाठचं खानदेशातलं शहर, रावेरपासून जवळच. दख्खनचं दार, कापडाची मोठी पेठ. 1681 च्या जानेवारीअखेर मराठ्यांनी बहादूरपुरा वगैरे पुरे लुटले, तेव्हा तिथं सुभेदाराचा नायब होता काकरखान. तो कशासाठी नेमलेला? जिझियाच्या वसुलीसाठी. त्याच वर्षाच्या शेवटी औरंगजेब स्वतः तिथं पोचला. आणि पुढे मीर अब्दुल करीम नावाचा माणूस तिथला जिझियाचा अमीन झाला. त्याचा अहवाल असा: आधी अख्ख्या शहरातून वर्षाला 26 हजार रुपये येत होते. त्यानं तीन महिन्यांत अर्ध्याच शहरातून 1 लाख 8 हजार आणले.

शहर तेच आहे, कायदा तोच, दरही तेच. 26 हजारांना सव्वातीननं भागा: सगळे गरीब स्लॅबमधले धरले तरी जेमतेम 8 हजार माणसं. एवढ्या मोठ्या पेठेत? म्हणजे आधीचा अधिकारी हजारो लोकांना सोडत होता, किंवा खालच्या स्लॅबमध्ये टाकत होता, किंवा मधल्यामधे पैसे जिरत होते. माझ्या मते तिन्ही. आणि मीर अब्दुल करीमनं गल्लीगल्लीची यादी करून ते बंद केलं. लुटीतून सावरणाऱ्या शहराला ते काय पडलं असेल, याचा अंदाज करा. कागदावरचा जिझिया आणि प्रत्यक्षातला जिझिया यांत चौपट, आठपट फरक पडू शकत होता, आणि तो कोण वसूल करतो यावर होता. म्हणूनच ‘मध्ययुगात जिझिया होता’ या एका वाक्यातून त्या काळच्या माणसाच्या आयुष्याबद्दल फारसं काही कळत नाही.

मंदिरांचं काय, हा प्रश्न येणारच, म्हणून थोडक्यात. चौकट तीच, झिम्मीची. जुनी मंदिरं राहू द्यायची, नवी बांधू द्यायची नाहीत. 1659 मध्ये औरंगजेबानं बनारसच्या अधिकाऱ्याला पाठवलेल्या फर्मानात अगदी हेच आहे, आणि तिथल्या ब्राह्मणांना त्रास देऊ नका असंही आहे. हे फर्मान व्हॉट्सॲपवर ‘बघा किती सहिष्णू’ म्हणून फिरतं. पण दहा वर्षांनी, 1669 मध्ये, त्याच बनारसमधलं विश्वनाथाचं मंदिर पाडलं गेलं, आणि ते काही नवं नव्हतं. पुढच्या वर्षी मथुरेचं केशवदेव. रिचर्ड ईटनसारखे अभ्यासक म्हणतात की बंडखोर सरदारांशी जोडलेली मंदिरं निशाण्यावर यायची. मथुरेच्या बाबतीत, जाटांचं बंड बघता, ते पटतं. जदुनाथ सरकार यामागे धर्मनिष्ठाच बघतात, आणि दरबारी इतिहासात 1669 चा हुकूम सर्वसाधारण म्हणून नोंदवलाय, हेही खरं. मला वाटतं, कायद्यानं दिलेलं संरक्षण बादशहाच्या मर्जीवर टिकून होतं. देणगीचं फर्मानही खरं आणि पाडापाडही खरी, कारण दोन्हींवर शिक्का एकाच हातचा.

त्या काळी कोणी हे बोललं का? बोललं. 1679 चं एक फारसी पत्र शिवाजी महाराजांच्या नावानं प्रसिद्ध आहे, नीळ प्रभू मुन्शीनं लिहिलेलं. काही प्रती मेवाडच्या राणा राजसिंहाच्या नावानंही मिळतात, त्यामुळे लेखकाबद्दल वाद आहे. त्यातला युक्तिवाद मात्र भारी आहे. तो औरंगजेबाच्याच धर्मग्रंथाचा आधार घेतो: देव सगळ्यांचा आहे, एकट्या मुसलमानांचा नाही. अकबराची आठवण देतो. आणि जोगी, बैराग्यांसारख्या दुबळ्यांकडून पैसे उकळण्याला नावं ठेवतो. म्हणजे कराचा भार कुणावर पडतोय, हे तेव्हाही कळत होतं.

आणि शेवट कसा झाला? दख्खनमध्ये दुष्काळ आणि मराठ्यांशी चाललेलं युद्ध यांनी मुलूख इतका पिळून निघाला की 1704 मध्ये खुद्द औरंगजेबाला इथला जिझिया माफ करावा लागला. त्याच्यानंतर सहा वर्षांत, 1713 ला, फर्रुखसियरनं तो सगळीकडे रद्द केला, चार वर्षांनी परत लावला, आणि 1720 मध्ये मुहम्मदशाहानं पुन्हा उठवला. तोवर वसूल करायला पाठवावा असा अमीन आणि त्याच्या पाठीशी उभी राहील अशी फौज, दोन्ही दिल्लीकडे उरलं नव्हतं.