जुने जोडे : द्यावे, शिवावे की टाकावे?

(महोत्सवानिमित्त सिकंदराबाद येथे भरलेल्या सभासद-मेळाव्यातील भाषण)



जुन्या कपड्यांप्रमाणे जुने जोडेही गोळा करावेत आणि जून महिन्यात शाळा उघडण्यापूर्वी ते गरजू मुलांना द्यावेत, अशी सूचना मंडळापुढे आली आहे. सूचना चांगली आहे. परंतु सदरा जुना झाला तर फार तर विटका दिसतो. जोडा जुना झाला तर त्यात घातलेला पाय मुरगळतो, सोलवटतो, नाहीतर तळ सुटून मूल भर रस्त्यात अनवाणी होते. कठोपनिषदातल्या वाजश्रवसाने दूध आटलेल्या म्हाताऱ्या गायी दान दिल्या आणि ते पाहून खुद्द त्याचा मुलगा नचिकेत अस्वस्थ झाला, ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. तशा गायी आमच्या ट्रस्टच्या दारी येऊ नयेत, एवढ्याचसाठी हे चार शब्द.

समजा, आपल्या लष्करातल्या एका घरातून तीन जोड आले. एक, मुलाच्या पायाला लहान झालेले शाळेचे काळे बूट. दुसरा, आजोबांनी लग्नसमारंभात दोन-तीनदा घालून खोक्यात जपून ठेवलेला जोड. तिसरा, रोज परेड ग्राउंडला फेऱ्या मारणाऱ्या थोरल्या मुलाचे धावण्याचे बूट, पुढून फाटलेले. यांतला कोणता द्यावा? पाहताक्षणी कोणीही आजोबांच्या जोडाकडे बोट दाखवील. आता एकेक हातात घेऊन पाहू.

शाळेचे बूट टेबलावर ठेवावेत आणि मागच्या बाजूने डोळा टाचेच्या पातळीला आणून पाहावे. टाचेचा मागचा भाग सरळ उभा असेल तर ठीक. एका अंगाला कलला असेल, तर पहिल्या मुलाची चाल त्या बुटात उतरली आहे, आणि ती दुसऱ्याच्या पायावर लादू नये. मग बूट बोटांपाशी वाकवावा. चामड्यावर नुसती घडी दिसली तर चिंता नाही. घडी उघडून आतले तंतू दिसू लागले तर ती चीर होय, आणि चीर पुढे वाढतच जाते. शेवटी सुखतळी काढून पाहावी. तिच्यावर बोटांचे आणि टाचेचे खोल खड्डे नसावेत. आमचे बूट या तिन्ही कसोट्यांना उतरले, म्हणून ते द्यावेत. मात्र सुखतळी नवी घालावी, आतून ओल्या फडक्याने पुसून दोन-तीन दिवस सावलीत वाळवावेत, आणि आतली लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून चिठ्ठी लावावी. घेणाऱ्या मुलाचा पाय कागदावर आखून घ्यावा. बूट त्याहून सुमारे एक सेंटिमीटर लांब असला म्हणजे बसतो. आकड्यांवर विसंबू नये, कारण कंपनीगणिक ते बदलतात.

आता आजोबांचा जोड. वरचे चामडे आरशासारखे, तळ जवळजवळ न झिजलेला. पण तळाच्या कडेला अंगठ्याचे नख दाबा. खूण तशीच राहिली, भुगा पडला किंवा बोटाला चिकटपणा लागला, तर तो तळ आतून मेलेला आहे. हलक्या, मऊ तळांच्या पुष्कळ बुटांत पॉलियुरेथेन नावाचा पदार्थ असतो. हवेतला दमटपणा त्यात मुरतो आणि त्याच्या लांब साखळ्या हळूहळू तोडतो. हे वापरामुळे होत नाही. खोक्यात बंद असतानाही होते, आणि माळ्यावरची उष्णता त्याला हातभार लावते. म्हणून काही वर्षे जपून ठेवलेला जोड पहिल्याच दिवशी बिस्किटासारखा चुरतो. असा तळ चिकटवून उपयोग नाही, कारण चिकटवायचे कशाला तेच उरलेले नसते. वरचे चामडे उत्तम असेल तर मोची सगळा तळ काढून रबराचा नवा तळ बसवतो, कडेने शिलाई मारतो, आणि जोड पुन्हा उभा राहतो. तसे केल्यावाचून मात्र तो कोणास देऊ नये. तिन्हींत देखणा तोच आणि फसवा तोच.

धावण्याच्या बुटांत उलट प्रकार. वरचे कापड फाटले आहे, तळाची नक्षी शाबूत आहे. परंतु तळाच्या कडेला आडव्या सुरकुत्या पडल्या आहेत आणि दाबले तर फेस पूर्वीसारखा उसळून येत नाही. धावणाऱ्याला तो आता निरुपयोगी, आणि वाढत्या मुलाला बूट म्हणून देणेही बरे नव्हे. पण चपलेचा तळ म्हणून त्यात पुष्कळ आयुष्य आहे. मुंबईला श्रेयांस भंडारी आणि रमेश धामी या दोन धावपटूंनी 2013 च्या सुमारास हेच हेरले. आपले बूट वर्षाला अनेकदा झिजतात आणि तळ मात्र चांगले राहतात, हे पाहून त्यांनी ‘ग्रीनसोल’ ही संस्था काढली. तेथे वरचा भाग सोडवून तळ कापून घेतात, त्याच्या चपला करतात आणि त्या शाळकरी मुलांना वाटतात. पाठविण्यापूर्वी कोणत्या प्रकारचे बूट घेतात हे विचारून घ्यावे, म्हणजे टपालखर्च फुकट जाणार नाही.

दुरुस्तीविषयी एकच गोष्ट सांगतो, कारण चूक नेहमी तीच होते. तळ पुढून सुटला की घरी त्यात थोडे सोल्युशन ओतून वर वरवंटा ठेवतात. आठ दिवसांत तो पुन्हा तोंड उघडतो. धूळ आणि जुना चिकटा यांवर नवा चिकटा धरत नाही, हे त्याचे कारण. चांगला मोची आधी सुटलेला भाग पुरता उघडतो, जुना चिकटा खरवडतो, दोन्ही अंगे कानसीने खरखरीत करतो, दोहोंवर पातळ थर देतो आणि हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबतो. मगच तो दोन्ही बाजू जोडून ठोकतो. त्यानंतर एक दिवस जोडा पायात घालू नये.

एक मर्यादा ठळकपणे सांगणे अवश्य आहे. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने ज्यांच्या तळपायाची संवेदना गेली आहे, त्यांना वापरलेला जोडा मुळीच देऊ नये. त्यांना टोचलेला खिळा कळत नाही, घासलेली शिवण कळत नाही. जखम चिघळते तेव्हा कळते. अशा पायांसाठी मऊ रबराच्या सुखतळीच्या वहाणा मुद्दाम बनवतात, त्याच द्याव्यात. आमच्या निधीतून त्यांना मदत करावयाची झाल्यास नव्या वहाणांचे पैसे द्यावेत.

यांतून जे उरेल ते जाळू नये; प्लॅस्टिकच्या आणि क्रोमने कमावलेल्या चामड्याच्या धुरात विष असते. ते सुक्या कचऱ्याच्या गाडीत द्यावे.

आमची मंडळाला विनंती अशी की, मे महिन्यात जोडे गोळा होतील त्या दिवशी एका मोच्यास दिवसाची पुरी मजुरी देऊन बोलवावे, सन्मानाने खुर्चीवर बसवावे, आणि द्यावे, शिवावे की टाकावे हा निकाल त्याच्याकडे सोपवावा. त्याने बाजूला काढलेला जोड कितीही चकचकीत असला आणि कोणाही वजनदार सभासदाच्या घरचा असला, तरी तो परत वाटपाच्या ढिगात जाऊ नये.