कौशल्याचा खेळ, जुगार आणि कामगाराचा पगार
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



रनिंग रूममध्ये किंवा आर.एम.एस.च्या सॉर्टिंग ऑफिसात पैसे लावून रमी खेळण्याचा विषय निघाला, की कोणीतरी लगेच म्हणतो, "रमी हा जुगार नाही, सुप्रीम कोर्टानेच सांगितले आहे." हे म्हणणे खोटे नाही, पण ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे आज आपण समजून घेऊ, कारण पगार जातो तो त्या उरलेल्या अर्ध्यातून.

कोर्टासमोर आलेले प्रकरण सिकंदराबादच्या एका क्लबचे होते. क्लबमध्ये पैसे लावून रमी चालू असताना पोलिसांनी धाड घातली आणि खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. नोव्हेंबर 1967 मध्ये निकाल लागला. कोर्टाने म्हटले, की रमी हा तीन पत्तीसारखा निव्वळ नशिबाचा खेळ नाही. पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते पान धरायचे आणि कोणते टाकायचे हे ठरवावे लागते; म्हणून यात कौशल्याचा भाग प्रधान आहे. महाराष्ट्रात लागू असलेल्या 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातही कलम 13 प्रमाणे केवळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. फरक एवढाच, की निकाल मुख्यतः कशावर ठरतो, खेळणाऱ्याच्या डोक्यावर की पानाच्या उलटण्यावर? मटक्यात आकडा लावल्यावर आपल्या हातात काहीच उरत नाही. रमीत पाने वाटल्यावरही बरेच काही उरते.

परंतु त्याच निकालात आणखी एक वाक्य आहे, ते कोणी सांगत नाही. जागेचा किंवा क्लबचा मालक या पैशाच्या खेळातून नफा कमावतो असा पुरावा असेल, तर गुन्हा होऊ शकतो, असे कोर्टाने बजावले. बसण्याची साधी फी वेगळी आणि डावावरची कमाई वेगळी. म्हणजे खेळ कोणता, एवढाच प्रश्न नाही. डावातून कोण खातो, हाही प्रश्न आहे.

आता हा दुसरा प्रश्न आपण हिशेबाने सोडवू. समजा, फोनवर दोघे जण प्रत्येकी 100 रुपये लावून बसले. 200 रुपये जमा झाले. चालवणाऱ्याने त्यातले दहा टक्के, म्हणजे 20 रुपये, कापून घेतले. जिंकणाऱ्याच्या हाती 180 येतात. त्याचा फायदा 80 रुपये, हरणाऱ्याचा तोटा 100 रुपये. दोघेही सारखेच हुशार आहेत, म्हणून 100 डावांत प्रत्येकजण 50 जिंकला. जिंकलेल्या डावांचे 4000 रुपये आले, हरलेल्या डावांचे 5000 गेले. म्हणजे दोघांचेही हजार हजार रुपये गेले आणि चालवणाऱ्याचे दोन हजार झाले. त्याने एक पानही हातात धरले नव्हते!

कोणी म्हणेल, "आम्ही समोरच्यापेक्षा चांगले खेळतो." मग 100 पैकी 55 डाव जिंकून पाहा. 4400 आले आणि 4500 गेले. तरीही 100 रुपयांचा तोटाच. 56 डाव जिंकाल तेव्हा कुठे 80 रुपये हाती लागतील, आणि वर्षअखेर निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर आहेच. शिवाय आपण 56 जिंकलो तर समोरच्याने 44 च जिंकले. कौशल्य हे नेहमी दुसऱ्याच्या तुलनेत असते. सगळेच कुशल झाले तर कोणीच पुढे राहत नाही, कापणी मात्र चालूच राहते. कायद्याने एखाद्या खेळाला कौशल्याचा म्हटले म्हणून तो खेळणाऱ्याला फायद्याचा होत नाही.

वेगाचाही विचार करा. सतरंजीवर बसून पाने पिसून वाटेपर्यंत वेळ जातो, आणि जोडीदाराचा खिसा रिकामा झाल्याचे डोळ्यांना दिसते. फोनवर तीन मिनिटांचा डाव धरला तर वरचे 100 डाव पाच तासांत होतात. म्हणजे एक विश्रांती संपली, झोपही गेली, आणि पुढची गाडी चालवायची आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैशाच्या ऑनलाइन खेळाची व्याख्या करताना खेळ कौशल्याचा, नशिबाचा की दोन्हींचा, हा भेदच ठेवला नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड ठेवला आहे. खेळणाऱ्याला मात्र त्यात शिक्षा नाही. बिनपैशाच्या खेळाला हरकत नाही. कायदा होताच देशातल्या बड्या कंपन्यांनी पैशाचे खेळ बंद केले. पण परदेशातून चालणारी ॲप्स निरोपाच्या दुव्यातून फोनवर येतच आहेत. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला दार नाही. त्यांचे पैसे भलत्याच माणसांच्या खात्यांतून फिरतात, आणि तपासात आपलेही पगाराचे खाते गोठू शकते. तेलंगणात नोकरीला असलेल्या बांधवांनी हेही ध्यानात ठेवावे, की ज्या सिकंदराबादेत तो जुना खटला उभा राहिला, त्याच राज्याने 2017 साली पैसे लावलेल्या कौशल्याच्या खेळांची सूट काढून घेतली.

आता वयाविषयी. अठरा ही मर्यादा कोणी हवेतून आणलेली नाही. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाला करार करता येत नाही, आणि त्याने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने 1903 सालीच ठरवून दिले. वर केलेला टक्क्यांचा हिशेब चौदा वर्षांचा मुलगा करीत नाही. त्याला जिंकलेला डाव आठवतो आणि हरलेले विसरतात. पण आपल्या घरात तो खेळतो बापाच्या फोनवर, बापाच्या नावाने, बापाच्या खात्यातून. मग पलीकडचा म्हणतो, खेळणारा तर सज्ञान आहे! म्हणून पैसे पाठवण्याचा गुप्त अंक मुलाला सांगू नका, आणि खात्याचा उतारा दर आठवड्याला स्वतः पाहा.

खर्चाची मर्यादा तर आपल्या नोकरीतच लिहिलेली आहे. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम 17 प्रमाणे कर्मचाऱ्याने नेहमीचे कर्जबाजारीपण टाळले पाहिजे. रेल्वेच्या वर्तणूक नियमांतही तशी तरतूद आहे. खिडकीवर बसणाऱ्या आपल्या माणसाने "उद्या भरतो" म्हणून तिजोरीतले पाचशे उचलले, तर तो उधारीचा मामला राहत नाही; अपहार होतो, आणि तिथे युनियनलाही फारसे काही करता येत नाही.

घसरण ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. हरलेले परत मिळवण्यासाठी डावाची रक्कम वाढवणे, पतपेढीचे कर्ज खोटे कारण सांगून काढणे, पी.एफ.मधून उचल, घरी फोन लपवणे. यातल्या दोन खुणा दिसल्या की शाखेच्या कार्यकर्त्याने त्या माणसाला बाजूला घेऊन बोलावे, चारचौघांत नव्हे. त्याला उसने पैसे देऊ नयेत. ते त्याच रात्री डावावर जातात. पगाराचे खाते आणि फोनला जोडलेले खाते वेगळे करून द्यावे, आणि दुसऱ्या खात्यात फक्त आठवड्याचा बाजारखर्च ठेवावा. मन ताब्यात राहत नसेल तर सरकारची 14416 ही मानसिक आरोग्याची मोफत दूरध्वनी सेवा आहे. फसवणूक झाली असेल तर 1930 या क्रमांकावर लगेच कळवावे. जितका उशीर, तितके पैसे मिळणे अवघड.

आणि कोणी "हा कौशल्याचा खेळ आहे" म्हणाला, तर वाद घालू नका. त्याच्या हाती कागद-पेन्सिल द्या आणि गेल्या महिन्यात किती भरले, किती परत आले, एवढे दोनच आकडे लिहायला सांगा.