सांडव्यावरून किती पाणी जाईल?

मातीचा बांध पाण्याच्या दाबापेक्षा माथ्यावरून वाहणाऱ्या पाण्यालाच लवकर हरतो. माथ्यावर एकदा धार चढली की ती मागच्या उताराची माती ओरबाडते, घळ पडते आणि थोड्याच वेळात बांधाला भगदाड पडते. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातेत मोरबीजवळच्या मच्छू-२ धरणावर हेच घडले. येणारा पूर सांडव्याच्या क्षमतेपेक्षा खूप मोठा होता. दगडी सांडवा उभा राहिला, पण त्याच्या दोन्ही बाजूंचे मातीचे बांध वाहून गेले.

गावच्या ओढ्यावरचा माती नाला बांध आकाराने लहान असला तरी त्याचा हिशेब तोच आहे.

उदाहरणादाखल एक बांध घेऊ. त्याचा पाणलोट ८० हेक्टर, ओढ्याची लांबी दीड किलोमीटर आणि उतार शेकडा २. सांडवा ५ मीटर रुंद असून बांधाचा माथा सांडव्याच्या उंबरठ्यापासून दीड मीटर वर आहे. सर्वांत दूरच्या कोपऱ्यातले पाणी बांधापर्यंत यायला किर्पिचच्या सूत्राने सुमारे २५ मिनिटे लागतात. म्हणून इथे दिवसभराच्या पावसाचा आकडा उपयोगाचा नाही. सर्वांत जोराची २५ मिनिटे महत्त्वाची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याची तासाची सरासरी ४० मिलिमीटरही भरत नाही, पण त्याच दिवशी एका तासात सुमारे १९० मिलिमीटर कोसळला होता. सरासरीवर विसंबून सांडवा बांधणाऱ्याची फसगत कशी होते, ते या दोन आकड्यांत दिसते.

आपल्या बांधासाठी त्या २५ मिनिटांत ताशी १०० मिलिमीटरचा जोर धरू. ८० हेक्टरांवर तासाला ८० हजार घनमीटर पाणी पडेल. जमीन अजून पाणी पिते आहे, म्हणून त्यातले ४० टक्के ओढ्यात उतरेल असे मानले तर सेकंदाला सुमारे ९ घनमीटर येवा मिळतो. ऐन पावसाळ्यात तलाव आधीच भरलेला असतो, तेव्हा एवढा लहान तलाव पुराचा जोर मोडू शकत नाही. जे येईल ते सांडव्यानेच काढून द्यायला हवे.

आता सांडवा. लाटा आणि माथ्याचा खचाव यांसाठी ६० सेंटिमीटर मोकळे ठेवले की पाणी जायला ९० सेंटिमीटर उंची उरते. रुंद, सपाट उंबरठ्यावरून जाणारा प्रवाह म्हणजे १.७ गुणिले रुंदी गुणिले पाण्याच्या उंचीचा दीडवा घात. तो भरतो सेकंदाला ७.३ घनमीटर. म्हणजे ५ मीटर रुंदी अपुरी आहे, किमान सव्वासहा मीटर हवी.

पण चार दिवसांच्या झडीने जमीन तुडुंब भिजली असताना ताशी १५० मिलिमीटरचा मारा झाला आणि ६० टक्के पाणी वाहिले, तर येवा २० घनमीटरवर जातो. ५ मीटरच्या सांडव्यावर एवढ्या प्रवाहाला सुमारे पावणेदोन मीटर उंची लागते. बांधाचा माथा तर दीड मीटरवरच आहे! खाली वस्ती असेल तर हाच आकडा धरून १४ मीटरचा सांडवा काढावा. खाली फक्त पडीक जमीन असेल तर कमी रुंदीचा विचार करता येतो.

सगळ्यांत मोठा धोका मात्र गावकऱ्यांच्या चांगल्या हेतूतून येतो. जास्त पाणी साठावे म्हणून दिवाळीच्या सुमाराला सांडव्यावर दगड किंवा वाळूची पोती रचतात, आणि पावसाळा येऊनही ती तशीच राहतात. थर ३० सेंटिमीटरचा असेल तर पाण्याची उंची ९० वरून ६० होते, पण उंचीचा दीडवा घात असल्याने क्षमता ७.३ वरून ४ घनमीटरच्या खाली येते. एक फूट साठ्यासाठी सांडव्याची निम्मी ताकद जाते. जूनच्या आधी ही पोती काढलीच पाहिजेत. सांडव्यात वाढलेली झुडपेही तशीच.

मोजणी करताना माथ्याची उंची टोकांना घेऊ नये. भराव मध्ये बसतो, म्हणून पारदर्शक नळीची पाणसळ लावून सर्वांत खालचा बिंदू शोधावा आणि उंबरठ्यापासूनचे अंतर तिथूनच धरावे. सांडव्याचे पाणी पुढे बांधाच्या पायथ्याशी वळत नाही ना, तेही पाहावे. वळत असेल तर मुरमाचा काठ दरवर्षी खचत जातो आणि बांध मागून पोखरला जातो.

पूर ओसरल्यावर काठावर अडकलेल्या काटक्या-गवताची रेघ पाणी कुठवर चढले होते ते सांगते. ती सांडव्याच्या तोंडाशी मोजू नये, तिथे पाणी खाली झुकते. थोडे वर, संथ पाण्याच्या काठी मोजावी. रेघ उंबरठ्याच्या पातळीपेक्षा ७५ सेंटिमीटर वर सापडली तर या सांडव्यावरून सेकंदाला साडेपाच घनमीटर पाणी गेले. त्याच पावसाची नोंद जवळच्या पर्जन्यमापकावर मिळाली, तर ४० टक्क्यांचा अंदाज कितपत खरा होता ते ताडून पाहता येते.