पंगतीनंतरच्या साथीचा शोध

साथीचे मूळ शोधताना लागण दर, अधिशयन काळ आणि साथीचा आलेख या तीन गोष्टी एकत्र वाचाव्या लागतात. त्यासाठी एक कल्पित उदाहरण पाहणे उपयुक्त ठरेल.

परभणी जिल्ह्यातील येलदरी येथे रात्री 8 वाजता पंगत झाली, 100 जण जेवले आणि त्यांपैकी 60 जणांना उलट्या सुरू झाल्या, असे समजावे. पुरी खाणाऱ्या 90 जणांपैकी 54 आजारी पडले, म्हणजे लागण दर शेकडा 60. परंतु पुरी न खाणाऱ्या 10 जणांपैकीही 6 आजारी पडले. दर तोच असल्याने पुरी निर्दोष ठरते. बासुंदी खाणाऱ्या 80 जणांपैकी मात्र 56, म्हणजे शेकडा 70, तर न खाणाऱ्या 20 जणांपैकी 4, म्हणजे शेकडा 20 आजारी पडले. संशय बासुंदीवर जातो. त्या चौघांच्या बाबतीत सामायिक पळी किंवा सदोष आठवण हे कारण असू शकते.

आता तासागणिक रुग्णसंख्येचा आलेख काढावा. तो 10 वाजता चढतो, 11 वाजता शिखर गाठतो आणि 2 वाजेपर्यंत ओसरतो. एकच शिखर एकाच वेळी झालेली बाधा दर्शविते. नळाचे पाणी दूषित असते, तर रुग्ण दिवसेंदिवस येत राहिले असते. क्रमाने मधला रुग्ण 11 वाजता आजारी पडला असल्यास अधिशयन काळ 3 तासांचा ठरतो. इतका अल्प काळ आणि उलट्या स्टॅफिलोकॉकस जंतूच्या विषाकडे बोट दाखवितात. हे विष पुन्हा उकळल्यानेही नष्ट होत नाही.

तथापि हा केवळ तर्क होय. खात्री उरलेल्या बासुंदीच्या तपासणीनेच होते. म्हणून ती फेकून देण्यापूर्वी तिचा नमुना राखणे अगत्याचे आहे.