जुना कर की नवा?



पगारावरचा प्राप्तिकर जुन्या पद्धतीने भरावा की नव्या, हे वजावटींची बेरीज करूनच ठरवावे.

वर्षाला १५ लाख पगाराचे एक घर घेऊ. मूळ पगार ६ लाख, घरभाडे भत्ता २ लाख ४० हजार आणि भाडेही तेवढेच. पण भाडे सगळे सुटत नाही. त्यातून मूळ पगाराचा दहावा हिस्सा कमी होतो. येथे १ लाख ८० हजारच सुटतात. भविष्यनिर्वाह निधी व विमा मिळून दीड लाख, आरोग्यविम्याचे २५ हजार आणि सरसकट ५० हजार धरले, की वजावट ४ लाख ५ हजार होते. २०२५-२६ च्या दराने जुना कर १,४६,६४० रुपये येतो. नव्या पद्धतीत सरसकट ७५ हजारच सुटतात, पण दर हलके. म्हणून कर ९७,५०० रुपये.

या पगाराला वजावट ५,९३,७५० च्या वर गेली, तरच जुनी पद्धत परवडते. तेव्हा कर वाचेल म्हणून पॉलिसी घेण्याआधी ही बेरीज करावी. कचेरीत एक पद्धत कळवली असली, तरी पगारदाराला मुदतीत विवरणपत्र भरताना ती बदलता येते.